चौथ्या दिवशीचा नॉर्मल

जळगावात माझी पॅथॉलॉजी लॅब होती. नशिराबादच्या एका आबांना हार्ट अटॅक आला. चौथ्या दिवशी तपासलेलं त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघालं. अटॅकनंतर किंवा मोठ्या तापातही ते काही आठवडे फसवं खाली उतरतं. खरा आकडा दीड-दोन महिन्यांनीच कळतो. पण आबांचे जावई पडले दीडशहाणे! त्यांनी रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करवली आणि मळ्यात तेलाने थबथबलेल्या भरिताची पार्टी दिली. असल्या अडाण्यांची मला किळस येते.

दोन महिन्यांनी आकडा चांगलाच चढलेला निघाला.

"नॉर्मल तुम्हीच लिहिलं होतं," जावई म्हणाले.

मी जुना रिपोर्ट काढला. अटॅकचं मला तेव्हाही माहीत होतं. रिपोर्टवर त्याबद्दल एकही ओळ नव्हती. सही मात्र ठसठशीत होती, माझीच.