सामंतबाईंचा कोरा समुद्र

बेव्हर्ली पार्कातल्या सोसायटीच्या लॉबीसाठी उत्तनच्या किनाऱ्याचा फोटो बघून शाईचं चित्र काढायचं सामंतबाईंनी कबूल केलं. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या बाईंना पहिल्यांदाच स्वतःची भिंत मिळणार होती. फोटोत चाळीस होड्या, मोबाइलचा टॉवर आणि वाळत घातलेले बोंबील होते. बाईंनी पातळ शाईच्या एका ओल्या फटकाऱ्यात डोंगर काढला, दाट शाईच्या तीन फटकाऱ्यांत एक होडी, आणि बाकी कागद कोरा सोडला.

बाईंच्या घरी चित्र बघायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरी धुरी उखडले. "बाई, समुद्र कुठाय? शाई संपली?"

"होडी तरंगतेय ती कशावर?"

"कागदावर! मेंबर खातील मला."

"पोट बिघडेल त्यांचं."

धुरींनी रागाने ब्रश शाईत बुडवला आणि स्वतःच लाट ओढली. पातळ चिनी कागदाने शाई गटागटा प्यायली. लाट पसरत होडीवर चढली. घाबरून त्यांनी रुमालाने पुसलं, तर कागदच फाटला.

"बाहेर व्हा," बाई म्हणाल्या आणि कडी लावली.

बाईंनी नव्याने काढलेल्या, लॉबीत लागलेल्या चित्रात समुद्र कोराच आहे, आणि होडी आता दोनच फटकाऱ्यांची आहे. समुद्र कुठाय, असं कुणी विचारलं की धुरीच त्याच्यावर खेकसतात.