नाटकाआधीचे आभार

आभारप्रदर्शन हा प्रकार मला आजही सहन होत नाही. कॉलेजात कुणी माईकवर येऊन ‘आता मी आभार मानण्यासाठी’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मैत्रिणी हसतात. हसू देत. त्यांनी कधी न झालेल्या कार्यक्रमाचे आभार मानलेले नाहीत.

मी दहावीत होते, डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत. विद्यार्थी मंडळाची सांस्कृतिक सचिव. पद ऐकायला भारी, पण काम म्हणजे फळ्यावर सुविचार लिहिणं आणि कार्यक्रमाला खुर्च्या मोजून घेणं. वार्षिक स्नेहसंमेलनाचे आभार मात्र सांस्कृतिक सचिवानेच मानायचे असा आमच्याकडे रिवाज होता, आणि त्यासाठी मी खरंच मेहनत घेतलेली.

आभार मानायचंही एक शास्त्र असतं. आधी प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे पदाधिकारी, मग मुख्याध्यापक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, पालक, मंडप आणि ध्वनीवाले, सगळ्यात शेवटी विद्यार्थी. हा क्रम चुकला तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्टाफरूममध्ये रुसून बसतं. एकाच माणसाला दोन विशेषणं द्यायची नाहीत, कारण मग शेजारच्याला एकच मिळतं. दर वाक्यात ‘आभार’ आला तर कंटाळा येतो, म्हणून कुठे ‘ऋणी आहोत’, कुठे ‘मनःपूर्वक धन्यवाद’. शेवटून दुसरं वाक्य ठरलेलं: अनवधानाने कुणाचा उल्लेख राहिला असल्यास क्षमस्व. आणि शेवटचं: कार्यक्रम संपला असे जाहीर करते. त्यानंतर वंदे मातरम्.

गंमत म्हणजे हे सगळं कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी लिहून होतं. आमच्या मराठीच्या बाई ते तपासतात, मग मुख्याध्यापकांची सही. त्यामुळे नृत्यं बहारदार झाली, नाटकाने सर्वांची मनं जिंकली, हे मी तालमीसुद्धा धड बघितल्या नव्हत्या तेव्हाच लिहून मोकळी झाले होते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आभार शेवटी असतात, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

नाटक आमच्याच वर्गाचं होतं. आमचं आम्हीच लिहिलेलं, विनोदी. कारखान्यातून घरी आलेला एक माणूस आणि त्याला क्षणभरही टेकू न देणारं त्याचं घर. तो माणूस झालेली माझी मैत्रीण. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिचे बाबा मानपाड्याला एका केमिकल कंपनीत होते, आणि तिने ती भूमिका अख्खी त्यांच्यावरून उचललेली. बूट काढताना भिंतीला एक हात टेकणं, चहाचा पहिला घोट घेऊन डोळे मिटणं, बोलता बोलता बसल्या जागी पेंगणं. त्यांचा कंपनीचा जुना शर्टही तिने गुपचूप पळवलेला. घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाबांनी समोर बसून स्वतःला बघायचं आणि हसायचं, एवढंच तिला हवं होतं.

“येतील ना गं?” ती मला रोज विचारायची.

“का नाही येणार?”

“ओव्हरटाइम लागलाय. पण सुपरवायझरला सांगून मधे थोडा वेळ येतो म्हणालेत. मी त्यांना नीट सांगितलंय, आमचं नाटक शेवटी, मग आभार, मग संपलं. आभार सुरू व्हायच्या आत या.”

स्नेहसंमेलन शाळेच्या पटांगणात होतं. प्रमुख पाहुणे एक बिल्डर होते. शाळेच्या नव्या इमारतीचं काही त्यांच्याशी चाललंय अशी कुजबुज होती. ते इतक्या उशिरा आले की बालवाडीची मुलं मेकअपसकट आयांच्या मांडीवर झोपली. मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग त्यांचं भाषण. आपण किती गरिबीतून वर आलो, हे ते सांगतच राहिले. मी स्टेजच्या कडेला हातात कार्डं घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात शिव्या घालत होते.

पाच-सहा नाच झाले. नाटक तेवढं राहिलं. मैत्रीण पडद्यामागे तो शर्ट घालून, मिशी रंगवून तयार. एवढ्यात बाई धावत आल्या.

“चल, आभार घे पटकन.”

“आत्ता? बाई, नाटक बाकी आहे.”

“पाहुण्यांना कळव्याला दुसरा कार्यक्रम आहे, निघायचंय त्यांना. त्यांच्यासमोर आभार नकोत का मानायला? बरं दिसतं का ते?”

“मग फक्त पाहुण्यांचे मानते. बाकीचे नाटकानंतर.”

“अगं, संस्थेचे सगळे पाहुण्यांबरोबरच उठणार. पूर्ण घे. सरांनी सही केलीय तेच वाच, स्वतःचं काही घालू नकोस.”

“पण त्यात नाटक झालं असं लिहिलंय!”

“पाहुण्यांना काय कळणार आहे? जा.”

हे वाक्य मी विसरणार नाही. पाहुण्यांना काय कळणार आहे. समोर खुर्च्यांवर आमचे आईबाप बसले होते, त्यांचा हिशेबच नाही. कार्यक्रम मुलांचा, पैसा पालकांचा, आणि सोय कुणाची? जो माणूस सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात आधी निघाला, त्याची.

मी गेले माईकवर. क्रमाने सगळं घेतलं. आवाज चांगला लागला होता, याचाही मला राग येत होता. पाहुणे मान डोलवत होते. ‘आणि आमच्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनी सादर केलेल्या नाटकाने तर आजच्या कार्यक्रमावर कळस चढवला’ हे मी वाचलं. माझ्यामागे पडद्याआड ते मित्रमैत्रिणी कोंडाळं करून ऐकत होते. शेवटचं वाक्य मात्र मी गाळायचं ठरवलं होतं. त्याऐवजी सांगणार होते, नाटक अजून व्हायचंय, कृपया कुणी उठू नका.

पण ‘क्षमस्व, धन्यवाद’ म्हणेपर्यंत पाहुणे उठले. पाहुणे उठले म्हणून संस्थेचे उठले, ते उठले म्हणून सर उठले. निवेदन करणाऱ्या शिक्षकांनी माझ्या हातातून माईक जवळजवळ हिसकावला आणि ‘पाहुण्यांना टाळ्यांच्या गजरात निरोप देऊया’ सुरू केलं. साउंडवाल्याने सवयीने गाणं लावलं. आणि अख्खं पटांगण उभं राहिलं. आपल्याकडे आभार झाले की माणूस चप्पल शोधायला लागतो, ही साधी गोष्ट शिक्षण क्षेत्रात हयात घालवलेल्या या लोकांना माहीत नव्हती? माहीत होती. फरक पडत नव्हता.

“नाटक आहे! बसा! नाटक आहे!” मी माईकशिवाय ओरडत होते. पुढच्या रांगेतल्या काही बायका थांबल्या. माझी आई थांबली. बाकी लोंढा गेटकडे. पाहुण्यांची गाडी निघाल्यावर सर परत आले आणि म्हणाले, “चला, नाटक आटपून घ्या आता.”

आटपून घ्या म्हणे.

आमच्या वर्गाने नाटक केलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर, मंडपवाल्याची माणसं मागच्या खुर्च्या एकात एक घालत असताना. मैत्रीण स्टेजवर आली, भिंत म्हणून लावलेल्या पडद्याला हात टेकून तिने बूट काढले, आणि दर वाक्याला ती गेटकडे बघत होती. जे थोडे लोक होते ते हसलेसुद्धा. ती पेंगली तेव्हा माझी आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मैत्रीण फार छान काम करत होती आणि मला रडू येत होतं. तिचे बाबा आले नाहीत. शेवटपर्यंत नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. बाबांनीच दार उघडलं, आणि मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, “अगो, काय बोललीस तू! एकदम फस्क्लास!”

“काका, तुम्ही आलेलात?”

“आलेलो ना. रिक्षा मिळाली नाय लवकर, धावतच आलो. गेटवर पोचलो आणि तुझा आवाज. म्हटलं, गेलं, आभार लागले. थोडक्यात हुकलं.” ते हळहळत हसले. “पण तू म्हणालीस ना नाटकानं कळस चढवला म्हणून? गेटवर उभा राहून ऐकलं मी. बाजूला एक जण होता, त्याला सांगितलं, माझी पोरगी आहे त्यात. मग लोकं बाहेर यायला लागली, तसा मी पण कंपनीत परत गेलो.”

त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात मैत्रीण उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. सांगू नकोस. मला कळलं. ते गेटवर असताना नाटक अजून सुरूही झालं नव्हतं, चार पावलं आत आले असते तर सगळं बघायला मिळालं असतं, हे त्यांना कळलं असतं तर ते जन्मभर स्वतःला बोल लावत बसले असते. बिल्डरला नाही, सरांना नाही. स्वतःला.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी गिळलं. इतकं कडू मी आजवर काही गिळलेलं नाही.

तिची आई चहा घेऊन आली. बाबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मी मैत्रिणीकडे बघितलं नाही. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

“चल गो,” ते तिला म्हणाले, “आता तुझी मैत्रीण पण आलीय. थोडंसं करून दाखव की. काय झालेलीस तू नाटकात? मला कोणी सांगतच नाय.”

ती ओट्याकडे वळून कप विसळायला लागली.

“विसरले बाबा मी,” ती म्हणाली. “झालं ना आता ते.”

“दोन दिवसांत विसरलीस?” ते हसले, आणि माझ्याकडे बशी सरकवत म्हणाले, “खा गो, बिस्किट घे.”

मी ते बिस्किट हातात घेतलं आणि तसंच धरून बसले.