वन्संनी पिन वाचला

वन्सं,

तुमच्याविषयी काही लिहावं म्हणून कागद पुढे ओढला आणि लगेच तुमचा आवाज कानात आला, "वहिनी, फापटपसारा नको, मुद्द्याचं बोला." बरं. तुम्ही होतात तेव्हा तुमची स्तुती माझ्या तोंडून कधी निघाली नाही. आता तुम्ही नाही म्हणून निघेल, अशी आशा ठेवू नका. लोक गेलेल्या माणसाला धुऊन-पुसून, इस्त्री करून उभं करतात. मला ते जमत नाही. मी तुमची एटीएमच्या मशीनवरची गोष्ट सांगणार आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना तुम्ही एवढ्या एका गोष्टीत पुऱ्या कळाल.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, "लाइन एंगेज होती." सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, आणि समोरच्याने सांगितलेला नंबर मोठ्याने, सुटा-सुटा परत वाचल्याशिवाय जोडायचा नाही हा तिथला नियम. एक्स्चेंज बंद पडलं, बोर्ड भंगारात गेला, वन्सं निवृत्त झाल्या. नियम तेवढा राहिला. पावशेर लसूण घेतला तरी दुकानदाराचा आकडा त्या परत वाचत. डॉक्टरने रक्तदाब सांगितला की बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना तो कळे. त्यात उतारवयात कान जरा मंद झाले, त्यामुळे आवाज आणखी वर गेला. मी कितीदा म्हटलं, वन्सं, हळू. तर म्हणत, हळू वाचलं की राँग नंबर लागतो.

त्या आमच्याच घरात, माडीवरच्या खोलीत राहायच्या. हे गेल्यावर खाली मी आणि आमचे चिरंजीव. चिरंजीव विमा कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांना जगात सगळीकडे धोकाच दिसतो. एकदा कुणीतरी फोनवर गोड बोलून वन्संना लॉटरी लागल्याचं सांगितलं आणि वन्संनी अर्धा तास त्याची चौकशी केली, गाव कुठलं, मुलं किती, आवाज बसलाय तर हळद घे. गेलं काहीच नाही, पण चिरंजीवांनी त्या दिवशी बजावलं, "आत्या, पुन्हा असं काही झालं तर खातं मी बघेन आणि कार्ड माझ्याकडे राहील."

वन्संच्या मनाला ते लागलं. माडीवरची खोली भावाची, खालचं स्वयंपाकघर माझं, टीव्ही चिरंजीवांचा. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं ते एक खातं होतं. पेन्शन जमा झाली की त्या साडी बदलून, पावडर लावून पैसे काढायला जात. कुणाला बरोबर येऊ देत नसत.

त्या दिवशीही अशाच गेल्या. औषधाच्या दुकानाशेजारी त्यांच्याच बँकेचं एक एटीएम आहे. तिथल्या रखवालदाराची खुर्ची जागेवर असते, रखवालदार नसतो. वन्संनी कार्ड आत घातलं, पण मशीनने ते वाचलं नाही. दुसऱ्यांदा घातलं, तरी तेच. मागून आवाज आला, "मावशी, चिप मळली असेल. द्या, पुसून देतो."

आता इथे दुसऱ्या कुणीही मागे वळून कपाळाला आठी घातली असती. वन्संना कुणी मदत देऊ केली की नाही म्हणता येत नसे. आयुष्यभर त्या अनोळखी माणसांना जोडून देत आल्या, आपल्यालाही कुणी जोडून देतंय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असणार. त्याने कार्ड घेतलं, शर्टाला खसाखसा पुसलं, स्वतःच मशीनमध्ये घातलं आणि बाजूला होऊन म्हणाला, "आता पिन टाका, मावशी. मी बघत नाही." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वन्संनी पिन टाकला. म्हणजे आधी वाचला. सुटा-सुटा, खणखणीत, चारही आकडे. मग दाबला.

मशीन म्हणालं, पिन चुकीचा आहे. वन्संनी पुन्हा वाचला, पुन्हा दाबला. पुन्हा चूक. तो हळहळला, "मशीनच बिघडलंय, मावशी. उगाच तिसऱ्यांदा करू नका, कार्ड बंद पडेल. उद्या या." वन्संनी कार्ड काढून घेतलं, त्याचे आभार मानले आणि घरी आल्या. हे सगळं मला सांगताना त्या त्याचं कौतुक करत होत्या. हल्ली अशी मुलं राहिली नाहीत म्हणे.

मला काही ते पटलं नाही. पिन विसरणारी ही बाई नव्हे. हिला बंद पडलेल्या एक्स्चेंजमधले निम्मे नंबर पाठ होते. मी म्हटलं, कार्डामागे बँकेचा नंबर असतो, तिथे फोन लावा. वन्सं स्वतःचा मोबाइल बॅटरी वाचवायला बंद करून ट्रंकेत ठेवत. तो काढला, चालू केला, नंबर लावला. बँकेच्या मुलीने नाव, जन्मतारीख विचारून घेतली आणि कार्डाचा नंबर मागितला. फोन मी धरला होता, म्हणून मी वाचायला लागले. आपल्या सवयीने जोडी-जोडीने वाचलं, एकोणसत्तर, एकोणऐंशी. मग ती म्हणाली, "सॉरी मॅडम, एकोण म्हणजे?" वन्संनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि सोळा आकडे असे वाचले की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

मुलगी म्हणाली, हा नंबर तुमच्या खात्याचा नाही. तुम्ही चुकीचा वाचताय.

वन्संना आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचला, जरा रागाने. उत्तर तेच. तेव्हा मी चष्मा लावून कार्ड उजेडात धरलं. बँक तीच, निळा रंग तोच, आणि खाली नाव कुणा भलत्याच पुरुषाचं. त्यालाही त्या गुणी मुलाने असंच कधीतरी पुसून दिलं असणार. एवढ्यात वन्संच्या कानाशी मोबाइल टुणटुणला, एकदा, मग आणखी एकदा. एका दिवसात मशीन जितके पैसे देतं तितके सगळे दोन हप्त्यांत निघाले होते, दुसऱ्याच चौकातल्या मशीनवर.

मुलगी हुशार होती. बोलता-बोलताच तिने वन्संचं खरं कार्ड बंद केलं, त्यामुळे उरलेले पैसे वाचले. तक्रारीचा क्रमांक दिला, पोलिसांत कळवा म्हणाली, शाखेत लेखी द्या म्हणाली, आणि आजच द्या, उशीर करू नका. वन्संनी तक्रारीचा क्रमांक परत वाचून दाखवला. मग फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी, त्याला सांगू नका." त्याला म्हणजे चिरंजीवांना.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, दिसायला कसा होता. वन्संना सांगता येईना. त्यांनी माणसं कधी चेहऱ्याने ओळखलीच नव्हती. हवालदार कंटाळून पेन आपटायला लागला तेव्हा त्या सुरू झाल्या, आवाज मध्यम, नाकातून येणारा, सर्दी जुनी, 'मावशी' म्हणताना 'शी' जरा लांबतो, खोटं बोलताना श्वास आधी घेतो. हवालदाराने मन लावून ऐकलं आणि लिहिलं, 'बोलण्यास नम्र'.

तिथून शाखेत गेलो, हवालदारही आला. मॅनेजर म्हणजे डोक्यावरचे केस आणि धीर दोन्ही संपत आलेला सज्जन माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं, "बरोबर पिन टाकून पैसे निघालेत. पिन तुम्ही कुणाला सांगितला नसेल, तर मी अर्ज वर पाठवतो. मिळतीलच असं नाही, पण पाठवतो. सांगितला असेल तर बँक काही करू शकत नाही." मग त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. त्यात आवाज नव्हता. वन्सं पाठमोऱ्या, जरा तिरक्या. तो माणूस टोपी खाली ओढून भिंतीवरची सूचना वाचत उभा. सूचना होती, अनोळखी व्यक्तीची मदत घेऊ नये.

"हा तर बघतच नाहीये," हवालदार म्हणाला. "मग याला पिन कळला कसा?"

मॅनेजरने चित्र थांबवून पुढे वाकून पाहिलं. "आजींचे ओठ हलतायत का?"

मी तत्परतेने म्हणाले की त्यांना एकटं बोलायची सवय आहे, वय झालंय. वयाचा उपयोग अशा वेळी नाही करायचा तर कधी. टेबलाखाली मी वन्संच्या पायावर पाय दिला. दिला म्हणजे चांगला दाबला.

"पाय काढा, वहिनी," वन्सं म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळल्या. "मी पिन वाचला. स्पष्ट वाचला. त्याला ऐकू न जायला तो काही बहिरा नव्हता."

मॅनेजरने पेनचं टोपण लावलं. "आजी, नुसतं 'माहीत नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं," वन्सं म्हणाल्या. "मी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडली. आत काय बोलले ते कधी सांगितलं नाही, आणि बाहेर काय झालं ते कधी खोटं सांगितलं नाही."

गेले पैसे ते गेलेच. परतीच्या वाटेवर मी त्यांना मूर्ख, अडाणी, हरिश्चंद्राची नात, जे सुचेल ते म्हटलं. त्यांना दुःख पैशांचं नव्हतं, चिरंजीवांना काय सांगायचं त्याचं होतं. आणि सांगावं लागणारच होतं, कारण न सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. चिरंजीवांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि अगदी विमा एजंटाच्या मऊ आवाजात म्हणाले की आत्या, आता मात्र खातं माझ्या ताब्यात असलेलं बरं.

वन्सं म्हणाल्या, "तू गाडी दोनदा खांबावर घातलीस. मी किल्ली मागितली होती का?"

मला ठसका लागला. चिरंजीव म्हणाले, ते वेगळं. वन्सं म्हणाल्या, वेगळं कसं, तुझा खांब तर एका जागी उभा होता, माझा खांब चालत मागून आला. बराच वेळ असं चाललं. शेवटी तह झाला. खातं आत्याचंच राहील. नवीन कार्ड येईल, तेही आत्याकडेच. फक्त त्याचा पिन मशीनवर जाऊन ठरवावा लागतो, आणि तिथे जायच्या आधी आत्याने चार आकडे तोंडातून अवाक्षर न काढता दाबून दाखवायचे.

परीक्षा माझ्या हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवर झाली. पहिल्या प्रयत्नात चारही आकडे शेजारी पोहोचले. दुसऱ्यात ओठ मिटलेले, पण नाकातून गुणगुण, आणि चिरंजीवांनी गुणगुणीवरून दोन आकडे ओळखले. मग मी युक्ती काढली, तोंडात पाणी धरा. वन्संनी पेलाभर पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, पहिला आकडा दाबला, दुसरा दाबला, आणि तिसऱ्याला "सात" म्हणाल्या. कॅल्क्युलेटर गेला. चिरंजीवांचा शर्टही बदलावा लागला.

पुढे सराव सुरू राहिला. नवीन कार्डाचं पाकीट आलं ते तुम्ही उशाखाली ठेवलंत, वन्सं. तोवर काउंटरला स्लिप भरून पैसे काढत होतात, आणि कॅशियरने दिलेल्या नोटा मोठ्याने मोजून अख्ख्या रांगेला पेन्शन कळवत होतात. पण ती तुमची तुम्ही मोजत होतात, आणि चिरंजीव रांगेबाहेर उभे राहायला शिकले होते. मला म्हणालात, एकदा पाण्याशिवाय जमलं की आपण दोघी मशीनवर जाऊ, तुम्ही दारात उभ्या राहा, कुणाला आत सोडू नका. मी हो म्हटलं. एक दिवस जमलं आणि मंगळवार ठरला. मंगळवारी माझा गुडघा सुजला. पुढच्या मंगळवारी मशीनवर 'बंद आहे'ची पाटी होती. त्यानंतरच्या, तुमच्या शेवटच्या मंगळवारी तुम्ही सकाळीच साडी बदलून, पावडर लावून खाली आलात आणि मी म्हणाले, आज नको, ऊन फार आहे, घाई काय आहे.