माफी वगळून लिहिलेलं पत्र

माझी भाची जपानमधल्या एका विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून शिकत होती. शेवटच्या सत्रात तिला एका विषयात नापास केलं. कारण काय, तर अंतिम अहवाल मिळालाच नाही. तिने तो वेळेत ऑनलाइन दिला होता, पोचही आली होती. तो विषय सुटला नाही तर मार्चमधली पदवी जाणार, आणि पदवी नाही म्हणजे एप्रिलपासूनची तिकडची नोकरीही गेली. दाद मागायला मोजके दिवस होते आणि अर्ज जपानीतच हवा होता.

तिने मला इंग्रजी मसुदा पाठवला: हा अन्याय आहे, निकाल ताबडतोब बदला. पोरीचं डोकं फिरलं होतं, आणि त्यात तिचं काय चुकलं! मी डोंबिवलीत घरी बसून एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांची जपानी पत्रं लिहून देते. बहुतेक वेळा माल उशिरा निघाल्याबद्दलच्या माफीचीच. त्याच सवयीच्या हाताने हेही पत्र केलं आणि ठाण्याला माझ्या जपानीच्या सरांकडे गेले. त्यांच्याच नौपाड्यातल्या हॉलमध्ये चटईवर बसून मी ही भाषा शिकलेय.

सरांनी चष्मा चढवून वाचलं. "अगं, अहवाल दिलाय ना तिने?"

"दिलाय, सर."

"मग जागोजागी माफी कशाची मागतेयस? वाचणारा म्हणेल, हिचंच काहीतरी चुकलंय."

मी कपाळाला हात लावला. सरांनी तसदीबद्दलची एक माफी ठेवली, बाकीच्या उडवल्या. अन्यायाचं वाक्यही काढलं. त्याऐवजी मूल्यमापनाचा आधार कृपया कळवावा आणि पुन्हा तपासणी व्हावी, अशी विनंती घातली. मुदतीत अहवाल सादर केल्याचं वाक्य मात्र मला मऊ करू देईनात.

"इथे 'मला वाटतं' नको. तिला वाटत नाहीये, तिने दिलाय. पोच जोड."

भाचीला व्हिडिओ कॉल लावला. ती घाबरलेलीच होती. "मावशी, प्राध्यापक चिडले तर?"

सर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बाळ, तू तपासायला सांगतेयस, भांडत नाहीयेस. पाठव बिनधास्त."

तिने पाठवलं. पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष लागेना, दोनदा आमटी करपली. मग विद्यापीठाचं उत्तर आलं. प्राध्यापक एकच विषय दोन वर्गांना शिकवत होते आणि तिचा अहवाल दुसऱ्या वर्गाच्या फोल्डरमध्ये गेला होता. तपासून तिला पास केलं होतं. फोनवर ती रडत होती, मीही रडले.

सरांना लगेच फोन केला. म्हटलं, सर, तुमचे उपकार कसे फेडू? त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. "उत्तर वाचून दाखव," म्हणाले. मी पूर्ण वाचलं.

"छान झालं," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलत होती, हे आता त्यांनीच लिहून दिलंय."