समक्ष उपस्थित राहावे

आमच्या तहसील कार्यालयाच्या सुनावणीच्या नोटिशीत एकच वाक्य असायचं, पण ते संपेपर्यंत वाचणाऱ्याचा दम निघायचा. 'उपरोक्त विषयान्वये आपणास याद्वारे कळविण्यात व सूचित करण्यात येते की' इथून सुरुवात आणि पानाच्या तळाशी पूर्णविराम. वीस वर्षं मीही तेच टंकत आले. मग नवे साहेब आले. त्यांनी तो नमुना माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे अर्ध्या पानात बसवा. माणसाला वाचून कळलं पाहिजे."

मला हुरूप आला. सरकारी भाषेत सगळं जोडीनं चालतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. कळवणं आलं की सूचित करणं आलंच, तपासणीला पडताळणी हवीच. मी जोडीतलं एक ठेवत गेले आणि दुसरं खोडत गेले. 'विहित दिनांकास व विहित वेळी' काढून सरळ तारीख आणि वेळ घातली. 'याद्वारे'ला तर काही कामच नव्हतं. 'गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढला जाईल' हे मात्र ठेवलं, कारण ते कळणं गरजेचं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी घरी जाताना पेढे घेतले, आता सांगायला लाज वाटते.

पंधरा दिवसांनी एक वकील नोटीस घेऊन टेबलाशी आले. दुसऱ्याच दिवशी अकराला शेतरस्त्याच्या एका तक्रारीची सुनावणी होती. ते सामनेवाल्याचे वकील.

"मॅडम, पक्षकारानं स्वतःच यायचं असा नवा नियम निघाला का?"

"नाही तर. का?"

त्यांनी बोट ठेवलं. 'समक्ष उपस्थित राहावे.' जुन्या नमुन्यात होतं 'समक्ष अथवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत'. ती जोडी नव्हती. ते दोन वेगळे मार्ग होते आणि त्यातला एक मी जोडी समजून बंद केला होता.

खरं सांगते, आधी मनात आला तो माझा गोपनीय अहवाल. अर्जदार आठवली ती नंतर. सत्तरीची बाई, शेजाऱ्यानं तिच्या वावराची वाट नांगरून टाकलेली. अर्जातच लिहिलं होतं की खुब्याचं हाड मोडल्यामुळे ती अंथरुणावर आहे. आणि तिला मी लिहिलं होतं की स्वतः ये, नाहीतर अर्ज जाईल.

साहेब वर्ध्याला बैठकीत होते, फोन उचलत नव्हते. अर्जावरचा नंबर बंद. घरी निरोप द्यायला तिच्या गावच्या कोतवालाला लावला.

"आत्ता नाई जमत बाई, मी समुद्रपूरले आलो लग्नात. सकाळी लवकर जातो," तो म्हणाला.

मी तोवर शुद्धिपत्रक टंकून ठेवलं, चार वेळा वाचलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी साडेनऊला कोतवालाचा फोन आला. "घराले कुलूप हाय. ऑटोत गादी टाकून नेलं म्हनते तिले."

अकराच्या आधीच ऑटो आवारात आला. मुलानं आणि ड्रायव्हरनं तिला गादीसकट उतरवून व्हरांड्यात ठेवलं. चेहरा घामेजलेला, दात घट्ट आवळलेले. साहेब स्वतः बाहेर आले, तिथेच खुर्ची टाकून त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. दहा मिनिटांत संपलं. मी शुद्धिपत्रक साहेबांपुढे धरलं आणि चूक सांगितली. ते वाचून त्यांनी नुसती खाली सही केली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी तिच्यापाशी जाऊन बसले.

मुलगा म्हणाला, "मी जातो म्हटलं होतं. आईनं ऐकलंच नाई."

"काऊन ऐकू? कागदात लिहिलं होतं ना," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आजवर सरकारी कागद आला का मी दुसऱ्याले वाचाले देत होती, बाई. वकिलाले दाखवा लागे. हा पयलाच, जो मले माह्या मनानं समजला. म्हून कोनाले इचारलंच नाई."

मी म्हटलं, "आजी, चूक माझी आहे. मुलाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. ते लिहायचं मी गाळलं."

ती रागावली नाही.

"मंग तेवढं लिहाचं होतं ना," ती म्हणाली. "तेही वाचलं असतं मी."