वाडीचा एकच दुवा

आमच्या वाचनालयाची व्याख्यानं सभागृहात व्हायची तेव्हा प्रश्न चिठ्ठ्यांवर यायचे. पुढच्या रांगेपासून एक ताट फिरायचं, मी चिठ्ठ्या गोळा करून वक्त्यांपुढे ठेवायचे. कोणाचं अक्षर कसं आहे ते पाठ होतं. कोकम सरबताचे डाग पडलेल्या त्या चिठ्ठ्या मला अजून आठवतात, आणि आठवल्या की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आता व्याख्यान ऑनलाइन आणि ताटाच्या जागी माझा लॅपटॉप. नोंदणीचा फॉर्म मी बनवते, आदल्या दिवशी आणि तासभर आधी आठवणीची मेल जाते आणि 'मेल आली नाही' म्हणून फोन येतात. स्पॅममध्ये बघा, असं मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगत असेन. प्रत्येक नोंदणीला व्याख्यानात शिरायचा स्वतंत्र दुवा मिळतो. 'हा दुवा फक्त तुमच्यासाठी आहे, पुढे पाठवू नका' असं मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं. ते वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. लोक ऐन वेळी फोन बदलतात, म्हणून एका दुव्यावरून अनेक उपकरणांवर येण्याची सोय मी चालू ठेवते.

अशाच एका व्याख्यानाला वक्त्या होत्या जयगडकडच्या एका वाडीत आयुष्यभर एकशिक्षकी शाळा चालवलेल्या बाई. वय झालेलं, शाळा पटाअभावी बंद पडलेली. तीन-साडेतीनशे नोंदण्या झाल्या होत्या, पण बाईंनी फोनवर एकच विचारलं, "माझ्या वाडीतलं कोण येतंय का गो?"

यादीत त्या वाडीचा एकच माणूस होता, बंदरात क्रेन चालवणारा. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं. एक तर एक." आवाज पडला होता. मला वाईट वाटलं, आणि त्या वाडीचा रागही आला.

व्याख्यान छान झालं. मग प्रश्न सुरू झाले. आमची पद्धत अशी, की प्रश्न आधी फक्त मला आणि अध्यक्षांना दिसतात, मी निवडलेलेच बाईंना वाचून दाखवायचे. एका माणसाला एक प्रश्न, हा अध्यक्षांचा नियम. आणि त्या क्रेनवाल्याच्या नावाने प्रश्नांमागून प्रश्न येत होते. पहिला ठेवला, बाकीचे बाजूला सारले. हा गृहस्थ एकटाच अख्खी सभा खातोय, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात त्याच नावाने आलं, 'बाई, माझ्या लग्नाला तुम्ही हिरवी साडी दिलीत, ती कुठून आणली होतीत?'

मी चष्मा पुसला. उपस्थितांची यादी उघडली, तर तेच नाव एकाखाली एक, कितीही खाली सरकवलं तरी संपेना. नोंदणीतला त्याचा नंबर काढून फोन लावला.

"फॉर्म कोण भरत बसतोय मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "वाडीचा एक भरला म्हंजे वाडी आली. मी दुवा वाडीच्या ग्रुपवर टाकला. मुंबैवाले पण त्याच्यावरनंच आलेत."

गावकीत वाडीतर्फे एक माणूस उभा राहतो, तसाच तो फॉर्मवर उभा राहिला होता. त्याच्यावर काय चिडणार? बाजूला सारलेले सगळे प्रश्न मी परत उघडले आणि बाईंना सांगितलं, "बाई, नाव एकच दिसतंय, पण अख्खी वाडी आलीय."

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "वाच."

मी वाचत गेले. बाई प्रश्नावरून माणूस ओळखत होत्या. "हा घंटा द्यायचा." "ही शेंबडी, पण गणितात पक्की." मग त्यांनीच सांगितलं, की शाळा सुटताना प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, मगच दप्तर उचलायचं, असा त्यांचा दंडक होता. इतकी वर्षं लोटली तरी कोणी तो मोडला नव्हता. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं. मी बघितलंच नाही. मला ते सभागृह, ते ताट, सगळं आठवत होतं, आणि पहिल्यांदाच त्याची उणीव भासत नव्हती.

शेवटी त्याच नावाने एक ओळ आली. तीही मी वाचली, "बाई, सगळ्यांचे विचारून झाले. घरी जाऊ?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. शाळेच्या वाटेवरचा लाकडी साकव कधीचा पडला होता, तिथे आता सिमेंटचा पूल आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "साकवावरनं एकमेकांचा हात धरून जा."