त्याच्या पेनासाठी डॉक्टर व्हायचं नाही

डॉक्टरनं आईच्या दंडावरचं गळू पेनानं दाबून पाहिलं. पेनाच्याच टोकानं पदर बाजूला सारला. आई कळवळली. मग त्यानं ते पेन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. आमच्या आधीची बाई मोठ्या घरातली होती, तिची नाडी त्यानं हातानं बघितली होती. लोह्यातला दवाखाना. आम्ही बौद्ध, आमची गल्ली त्याला माहीत होती. मी सातवीत होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मी डॉक्टर होणार." आईनं दंडावरचा पदर सारखा केला. वडील तहसीलमध्ये शिपाई. त्यांनी मात्र ते गल्लीभर केलं. तेव्हापासून सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले.

बारावीनंतर डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, 'नीट', दिली, आपटले. लातूरला क्लास लावून ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा त्याच परीक्षेची तयारी. तो घेतला ते बरोबरच होतं, आजही म्हणते. फिजिक्स आम्हाला शाळेत कुणी शिकवलंच नव्हतं. शिकल्यावर गुण भराभर वाढले. दुसऱ्या ड्रॉपला थोडे वाढले. तिसऱ्याला क्लास बदलला, पाठांतर सोडलं, एकेक चूक पुन्हा सोडवून पाहिली. गुण जिथल्या तिथं.

निकालानंतर क्लासचे सर भरल्या बॅचसमोर म्हणाले, "ह्यांला सवलत असून बी जमंना. आता पेपर घरी नेऊन द्यायचा का?"

पोरं हसली. माझे कान तापले. त्या रागावरच मी चौथा ड्रॉप घेतला. मला अजून डॉक्टर व्हायचंय का, हे स्वतःला विचारलंच नाही. सरांचं तोंड बंद करायचं होतं, एवढंच. लोक ह्याला जिद्द म्हणतात आणि टाळ्या वाजवतात.

दिवाळीला घरी आले तेव्हा राग निवला होता. भांडी घासता घासता स्वतःला विचारलं, मागचं काहीच घडलं नसतं, तर आज मी हे नव्यानं सुरू केलं असतं का? उत्तर नाही असं आलं. भीती वाटली. इतकी वर्षं गेली त्यांचं काय? पण पाणी लागलं नाही म्हणून त्याच बोअरात पाइप सोडत बसणारे मी गावात पाहिलेत. गेलेली वर्षं पुढचं वर्ष दिल्यानं परत येणार नव्हती.

तरी लगेच सोडलं नाही. रागात धरलेलं रुसून सोडायचं नव्हतं. आईला साक्षीला बसवून ठरवलं, संक्रांतीपर्यंत टेस्टचे गुण आमच्या कट-ऑफकडे सरकायला लागले तर पुढे जायचं. नाहीतर ह्या वर्षीची परीक्षा द्यायची आणि तिथं थांबायचं. मग निकालाच्या दिवशी रडत ठरवायला नको.

मधे एका टेस्टला गुण एकदम चढले. मन लगेच उड्या मारायला लागलं. चौकशी केली तर पेपर सोपा होता, सगळ्यांचेच चढले होते. पुढच्या टेस्टला गुण पुन्हा जिथल्या तिथं. संक्रांत आली, गेली. परीक्षा दिली, आणि थांबले.

सर म्हणाले, अर्ध्या फीत ये. मी नाही म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. "म्हणून तर म्हणतो, तुमच्यात चिकाटीच न्हाई."

हेच ऐकायला लागू नये म्हणून मी एक वर्ष जाळलं होतं. ऐकलं. काही झालं नाही. मी बॅग उचलली.

घरी वडील जेवले नाहीत. "गल्लीत काय सांगू?" म्हणाले. आई म्हणाली, "सांगा, पोरीनं करून बघितलं आन् सोडलं." त्या रात्री मी खूप रडले. लाज वाटली, हलकंही वाटलं. रोग कसा होतो हे वाचायला मला आवडायचं, औषधं लिहून देण्याची ओढ मला कधी नव्हतीच. नांदेडला मायक्रोबायोलॉजीला नाव घातलं.

पावसाळ्यात आईच्या पायाला जखम झाली. गावात इलाज नव्हता, तोच दवाखाना. डॉक्टर म्हातारा झालाय. त्यानं हसून विचारलं, "काय झालं तुझ्या डॉक्टरकीचं?"

"सोडली."

"वाटलंच होतं," म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. पेन आईच्या पायाकडे निघालं. मी ते मधेच धरलं.

"हातानं बघा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रांगेतली माणसं बघायला लागली. मी पेन सोडलं नाही. शेवटी त्यानं हातमोजे चढवले, आईची टाच तळहातावर घेतली आणि जखम बोटांनी चाचपली.

हे सांगायला एमबीबीएस लागत नव्हतं. सातवीतही सांगता आलं असतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. डॉक्टरकी मी सोडली, ती परत धरणार नाही. हे सांगणं सोडणार नाही. पुढच्या वेळी पेन निघालं, तर मोडीन.